नळी बंद केली की भूक लागेल?

“सासऱ्यांचं वय 61. कारखान्यात चादरी विणण्यात आयुष्य गेलं. अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. पोटातून आतड्यात नळी आहे, त्यातून रात्री आठ ते सहा असं एक लिटर पावडरचं फीड सलाईनसारखं थेंबथेंब द्यायला सांगितलंय. तोंडानं चार-पाच चमचे खातात आणि ‘बास, भरलं’ म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, रात्रभर नळीनं पोट भरतं म्हणून दिवसा भूक नाही, नळीच बंद करा. रात्रीचं जागरण नको म्हणून गेल्या आठवड्यापासून माझे मिस्टर तेच फीड दिवसा सिरिंजनं 200-200 मिली देतात. तेव्हापासून मुरडा येतो, जुलाब होतात. तिसऱ्या वेळेनंतर ते नकोच म्हणतात. घरी आल्यापासून दर रविवारचं वजन: 54, 53.4, 53.2, 53.3 आणि काल 51.8. मेडिकलच्या काट्यावर मात्र 53.9 आलं. नक्की काय समजायचं? आणि नळी बंद करायची का?”
— एक सून, सोलापूर

ताई, आधी ती सिरिंज बाजूला ठेवा. नळी धुवायला पाणी सोडण्यापुरतीच ती हातात घ्यायची, फीडसाठी नाही. बाकीचं निवांत बोलू.

तुमच्या मिस्टरांचं चुकलं कुठे, तर त्यांनी ही नळी राइल्स ट्यूबसारखी समजली. नाकातली राइल्स ट्यूब जठरात उघडते आणि जठर म्हणजे हौद: 200 मिली ओतलं तरी साठवून ठेवतं आणि सवडीनं खाली सोडतं. सासऱ्यांची नळी, जिला वॉर्डात सगळे ‘एफजे’ म्हणतात, ती थेट लहान आतड्यात आहे. तिथे हौद नाही, नुसता पाट आहे. डॉक्टरांनी सांगितलेला वेग ताशी 100 मिली होता. दहा मिनिटांत 200 मिली म्हणजे ताशी 1200, बारापट. पाटात एकदम एवढं पाणी सोडलं की काठ फुटणारच. आतडं फुगतं, आजूबाजूचं पाणी आत ओढून घेतं, मुरडा येतो आणि जुलाब होतात. फीडची पावडर तीच, पाणी तेच, माणूसही तोच. बदलला तो फक्त वेग. त्यामुळे पावडर बाधली असं समजून ती बदलायला जाऊ नका.

हॉस्पिटलात हे कसं सुरू केलं होतं ते आठवून बघा. अशा ऑपरेशननंतर बहुधा दुसऱ्या दिवशी ताशी 10-20 मिलीनं सुरुवात होते. पोट फुगत नाही, दुखत नाही असं बघून वेग पायरीपायरीनं वाढवतात. चोवीस तास चालणारं फीड मग फक्त रात्रीवर आणतात, म्हणजे दिवसा हातपाय मोकळे आणि जेवायला वाव. आठवडाभराच्या गोंधळानंतर आतड्याला पुन्हा त्याच पायऱ्यांनी वर न्यायचं आहे. सर्जनच्या टीमला आजच फोन करा, जुलाबांचं सांगा आणि हा आराखडा विचारा: पहिल्या रात्री ताशी 50 मिलीनं बारा तास म्हणजे 600, पोट शांत राहिलं तर दुसऱ्या रात्री ताशी 75 म्हणजे 900, तिसऱ्या रात्रीपासून पूर्ण एक लिटर बारा तासांत. आधी दहा तास होते, ते मुद्दाम बारा केलेत, म्हणजे वेग थोडा कमी राहील. ते हो म्हणाले की सुरू करा. पंप नसेल तर थेंब मोजा. सेटच्या पाकिटावर 20 थेंब म्हणजे 1 मिली असं छापलेलं असेल, तर मिनिटाला 25 थेंब म्हणजे ताशी 75 मिली. वेगळा आकडा छापलेला असेल तर हिशोब बदलेल, म्हणून पाकीट फेकू नका.

जागरणाचा प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण सोलापूरच्या उकाड्यात कालवलेलं फीड बारा तास टांगून ठेवायचं नसतंच. चार तासांत संपेल एवढंच एका वेळी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायचं. म्हणजे रात्री दोनदा उठणं आलंच, आणि त्याच वेळी नळीतून 30 मिली कोमट पाणी सोडलं की नळी तुंबतही नाही. घरात तिघं मोठी माणसं आहात. संध्याकाळी सहाला सुरू केलंत तर दहाचं तुम्ही, दोनचं मिस्टरांनी आणि सकाळी सहाला बंद करून नळी धुणं सासूबाईंनी, असं वाटून घ्या. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. नुसत्या उशा रचल्या की माणूस पोटात दुमडतो.

दोन गोष्टींसाठी मात्र फोन करत बसू नका. फीड चालू असताना पोट गच्च फुगलं, जोराचं दुखायला लागलं, उलटी झाली, तर फीड बंद करून त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. कधीतरी अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठाच धोक्यात आलेला असतो आणि सकाळपर्यंत थांबणं महागात पडतं. आणि नळी निसटून बाहेर आली तर ती पुन्हा घालायचा प्रयत्न न करता भोकावर गॉज ठेवून तासाभरात निघा, कारण ती वाट फार लवकर बुजते. तोंड कोरडं, लघवी गडद आणि थोडी होत असेल तर जुलाबांसाठी आजच दाखवा.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते. त्यांचं सगळंच चूक नाही. पहाटेपर्यंत फीड चाललं की सकाळी सातला काही खावंसं वाटत नाही, हे खरं आहे. म्हणून सहाला बंद करून पहिलं खाणं आठला द्या. पण नळी कायमची बंद केली तर भूक परत येईल, हा हिशोब मात्र जमत नाही.

या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा बराचसा भाग काढून, बहुतेक वेळा जठराचीच अरुंद नळी शिवून ती छातीत वर ओढून जोडतात. म्हणजे पोटात पिशवीसारखं जठर होतं, तिथे आता छातीत उभा, अरुंद पाइप आहे. जठराला ‘सैल हो, जेवण येतंय’ असा निरोप देणारी व्हेगस नावाची नस ऑपरेशनमध्ये कापली जाते. भुकेचा हार्मोन मुख्यतः जठरातून सुटतो, तोही घटतो. सासरे हट्ट करत नाहीत. पाच चमच्यांनंतर त्यांची छाती खरोखर भरलेली असते, आणि उपाशी ठेवलं तरी पोटात कावळे ओरडत नाहीत. पुढे कित्येक महिने त्यांना भुकेनं नाही, घड्याळाकडे बघून खावं लागणार आहे. उपास घडवून भूक काढायची युक्ती निरोगी पोटाची. इथे तिचा परिणाम एकच: रोजच्या 1600 कॅलरीतल्या 1000 हातच्या जातील.

हा 1600 आकडा असा आला. वजनाच्या दर किलोला साधारण 25 ते 30 कॅलरी धरतात. 54 किलोला वरचा आकडा धरला की सोळाशेच्या आसपास येतं. प्रथिनं किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 65 ते 80 ग्रॅम. नेहमीच्या फीडच्या एका मिलीत एक कॅलरी असते आणि लिटरला साधारण 40 ग्रॅम प्रथिनं. (तुमच्या डब्यावर वेगळं असेल तर तो आकडा धरा.) तोंडानं जातं ते तुमच्या चार-पाच चमच्यांच्या हिशोबानं पाचशे-सहाशेच्या वर नसावं. दोन्ही मिळून जेमतेम सोळाशे. आणि गंमत बघा, तुमची रविवारची वजनं नेमकं हेच सांगतात.

54, 53.4, 53.2, 53.3. पहिल्या आठवड्यात 600 ग्रॅम गेले, दुसऱ्यात 200, तिसऱ्यात काहीच नाही. घसरण थांबली होती, ताई. रात्रीचं फीड काम करत होतं. मग सिरिंजचा आठवडा आला आणि एकदम दीड किलो. हे सगळं मांस झडलं का? नाही. दिवसाला पाचशे कॅलरी कमी पडल्या तर आठवड्यात साधारण अर्धा किलो अंगचं जातं. उरलेला किलोभर म्हणजे जुलाबातून गेलेलं पाणी. त्यामुळे ड्रिप पुन्हा नीट सुरू झालं आणि जुलाब थांबले की चार-पाच दिवसांत किलोभर वजन परत आल्यासारखं दिसेल. त्यावर पेढे वाटू नका आणि फीडही कमी करू नका. उलट, पाय सुजून वजन वाढतं तेही फसवं. घोट्यावर बोट दाबून खळगा राहतो का, हे वजनासोबत बघत जा.

मेडिकलच्या काट्याचं म्हणाल तर दोन किलोंचा फरक हा काट्याचा आणि अंगावरच्या कपड्यांचा. कोणता काटा खरा, या वादात पडायची गरजच नाही. एकच काटा, एकच फरशी, सकाळी फीड बंद झाल्यावर, लघवी करून, खाण्याआधी, बनियन-लुंगीवर. बुधवारी आणि रविवारी, एवढंच. रोज करू नका. रोजच्या दोनशे ग्रॅमच्या वरखाली होण्यानं घरात नुसती चिंता वाढते. सलग दोन आठवडे अर्धा किलोहून जास्त घट दिसली, किंवा एका आठवड्यात किलोभर गेलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. आजाराआधीच्या वजनातले दहा टक्के किंवा त्याहून जास्त पहिल्या सहा महिन्यांत जाणं या ऑपरेशननंतर नेहमीचं आहे. म्हणून जुनं वजन कधी परत येईल हा प्रश्न आत्ता नाही. उतार थांबला का, एवढंच बघायचं.

मी नवीन होते तेव्हा ओपीडीत एका बाईंनी ‘आता छान जेवतात हो’ सांगितलं आणि मी खूश होऊन रात्रीचं फीड निम्मं केलं. किती जेवतात ते विचारलंच नाही. महिन्यानं ते गृहस्थ चार किलोंनी उतरून आले. ‘छान’ म्हणजे त्यांच्या घरी दोन वेळा अर्धी पोळी होती. तेव्हापासून वही नसेल तर मी फीडला हात लावत नाही.

वही साधी शंभर पानी घ्या. वाढलं किती ते नको, पोटात गेलं किती ते लिहा, आणि त्यानंतर किती मिनिटांनी काय झालं ते. एका पेशंटच्या वहीतल्या दोन ओळी सांगते. ‘8.10 गुळाची रव्याची खीर, अर्धी वाटी. 8.30 घाम, धडधड, पडून राहिले. 9.15 बरं.’ आणि त्याच दिवशी, ‘1.00 वरणभात पाच चमचे, सोबत ताक एक ग्लास. भरलं. पुढचं नको.’ घरच्यांनी दोन्हीला ‘खाणं सोसत नाही’ म्हटलं होतं. पण पहिल्या ओळीत वीस मिनिटांनी आलेला घाम आणि धडधड म्हणजे डम्पिंग. गोड पातळ पदार्थ त्या अरुंद पाइपातून झरकन आतड्यात उतरला. खीर बंद करून त्याच वेळेला बिनगोडाचा मऊ उपमा दिला, आणि तक्रार गेली. असंच दीड-दोन तासांनी होत असेल तर साखर एकदम उतरलेली असू शकते. तीही वेळ वहीत असेल तर डॉक्टरांना लगेच कळतं. दुसऱ्या ओळीत दोष ताकाचा. ग्लासभर ताकानं पाइप भरला, भाताला जागाच उरली नाही. पाणी, ताक, चहा हे जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर घोटघोट. जेवताना नाही.

वहीत ‘भरलं’ आणि ‘अडकलं’ हे दोन शब्द मात्र कधीही एकाच अर्थानं लिहू नका. सासऱ्यांना विचारा, ‘नाना, घास कुठे थांबतो? हातानं दाखवा.’ (तुम्ही त्यांना जे म्हणत असाल ते म्हणा.) तळहात छातीवर किंवा बेंबीच्या वर ठेवून ‘जड वाटतं’ म्हणाले तर ते भरणं. एक बोट गळ्याशी किंवा छातीच्या वरच्या भागात एकाच जागी टेकवून ‘इथे’ म्हणाले, आणि घास लाळेसकट परत येत असेल, तर जोड दिलेली जागा आक्रसली असण्याची शक्यता आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे बऱ्याच जणांना होतं. आधी भाकरी-पोळी अडकते, मग मऊ भात, मग पातळसुद्धा. त्यावर पथ्य बदलून काही होत नाही. दुर्बीण घालून ती जागा रुंद करतात, तेव्हा सुटतं. अशा माणसाला आपण आठवडेच्या आठवडे ‘थोडं-थोडं खा’ सांगत बसतो, तेवढा वेळ वाया जातो.

तोंडाचं खाणं वाढवायचं ते वाटी मोठी करून नाही, घड्याळ लावून. दर दोन तासांनी, दिवसातून सात-आठ वेळा, एका बैठकीला अर्धी वाटी आणि त्यात साधारण शंभर कॅलरी. आपल्या भागात हे अवघड नाही. शेंगदाण्याची चटणी लसूण-तिखट नावापुरतं घालून अगदी बारीक कुटा, दोन चमचे घट्ट दह्यात कालवा आणि मऊ भातात मिसळा. एका उकडलेल्या अंड्यात सत्तर कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं, तेही कुस्करून. हुलग्याचं माडगं गूळ न घालता, घट्टसर, वर चमचाभर तूप. तुपाच्या एका चमच्यात 45 कॅलरी आहेत आणि जागा जवळपास शून्य लागते. शौच तेलकट, तरंगणारं, भांड्याला चिकटणारं व्हायला लागलं तर तूप थांबवून डॉक्टरांना सांगा, कदाचित पाचकरसाच्या गोळ्या लागतील. कडक भाकरी सध्या डब्यातच राहू दे. ताजी ज्वारीची भाकरी दुधात पूर्ण विरघळेपर्यंत कुस्करून चालेल, तीही आधी दोन चमचे देऊन, वहीत नोंद करून. दूध सोसत नसेल तर साध्या वरणात. खाणं झालं की अर्धा-पाऊण तास बसून, रात्रीचं शेवटचं खाणं झोपायच्या दोन-तीन तास आधी.

नळीचं फीड कमी करायचं ते वहीवरून. तोंडानं रोज आठशेच्या आसपास, म्हणजे गरजेच्या निम्मं, जायला लागलं आणि दोन आठवडे वजन जागच्या जागी राहिलं की डॉक्टरांना विचारून रात्रीचं एक लिटर 750 वर आणा. तिथे आठवडाभर थांबा. वजन हललं नाही तर 500. हललं तर एक पायरी मागे, त्यात हार काही नाही. पाचशेवर आल्यावर एक रात्र आड देऊन बघता येतं, आणि त्या मोकळ्या रात्री सासूबाईंचं म्हणणं किती खरं ते वहीतच दिसेल: दुसऱ्या दिवशी तोंडानं जास्त गेलं का? गेलं असेल तर आपण त्यांचं ऐकू.

फीड पूर्ण थांबलं तरी नळी लगेच काढत नाहीत. फीडशिवाय काही आठवडे वजन टिकतं का ते बघतात. पुढे केमो ठरली असेल तर, जेवण पुन्हा कमी होणार हे धरून, बहुधा तोवरही ठेवतात. नळी काढायला ओपीडीत काही मिनिटं लागतात, पण काढून चुकलं तर नवी घालायला पुन्हा खटपट. वापरात नसतानाही सकाळ-संध्याकाळ 30 मिली पाणी सोडायचं, आणि कातडीजवळ नळीवर पेननं केलेली खूण जागेवर आहे का ते आंघोळीनंतर बघायचं.

या खेपेला ओपीडीत जाताना वही, पावडरच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो आणि ते सेटचं पाकीट बरोबर न्या. आणि वही लिहायचं काम सासूबाईंना द्या. त्या दिवसभर त्यांच्याजवळ असतात, त्यामुळे घास गळ्याशी थांबला की छातीत, हे आधी त्यांनाच दिसेल.